न तोललेली बाळं

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचं वजन लगेच नोंदवलं जाई. घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या बाळाचा रकाना बहुधा कोराच राही. ही अडचण देशभर होती. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जेमतेम ३४ टक्के बाळांची वजनं मिळाली. त्यांतली सुमारे २२ टक्के अडीच किलोंहून कमी वजनाची होती. उरलेल्या दोन तृतीयांश बाळांचं काय?

समजण्यासाठी एक उदाहरण कल्पू. एका जिल्ह्यातल्या हजार माता घेऊ. त्यांतल्या ६०० जणींनी गरोदरपणी तपासण्या केल्या, त्यांच्या बाळांचं खरं सरासरी वजन २८०० ग्रॅम. उरलेल्या ४०० जणींच्या बाळांचं २५०० ग्रॅम. म्हणजे फरक ३०० ग्रॅमचा. पण वजनं झाली पहिल्या गटातल्या ५४० आणि दुसऱ्या गटातल्या फक्त १०० बाळांची.

कोऱ्या नोंदी वगळल्या, तर एकूण सरासरी २६८० ऐवजी २७५३ ग्रॅम येते. जिल्हा आहे त्याहून सुदृढ दिसतो. मात्र प्रत्येक गटात कोणाचं वजन झालं हे बाळाच्या वजनावर अवलंबून नसेल, तर रिग्रेशनमधला ३०० ग्रॅमचा फरक शाबूत राहतो. वगळणं नेहमीच घातक, असा सरसकट समज म्हणूनच चुकीचा आहे.

खरं नुकसान करते ती कोऱ्या जागी सरासरी भरण्याची सवय. सगळीकडे २७५३ लिहा, की पहिला गट २७९५ वर उतरतो, दुसरा २६९० वर चढतो आणि फरक उरतो १०५ ग्रॅम. तपासण्यांचा जवळपास दोन तृतीयांश परिणाम आपणच पुसून टाकला! शिवाय सगळ्या हजार नोंदी खऱ्या मोजमापाच्या धरल्या जात असल्यामुळे निष्कर्ष उगाच ठाम वाटतो.

डोनाल्ड रुबिन यांनी १९८७ च्या पुस्तकात सविस्तर मांडलेलं मल्टिपल इम्प्युटेशन इथे कामी येतं. आईच्या माहितीवरून वजनाचा अंदाज बांधायचा, त्यात वजनांचा नैसर्गिक चढउतार आणि अंदाजाची अनिश्चितता मिसळायची आणि असे, समजा, वीस संच करायचे. प्रत्येकावर तेच रिग्रेशन चालवून उत्तरांची सरासरी घ्यायची. वीस उत्तरांमधली तफावत प्रमाण त्रुटीत मिळवायची.

पण घरी जन्मलेलं अशक्त बाळ तेवढंच दवाखान्यात नेलं गेलं असेल तर? समजा, दुसऱ्या गटातल्या तोललेल्या १०० बाळांची सरासरी २३५० आहे. मग वगळणं काय किंवा केवळ गटावरून केलेलं इम्प्युटेशन काय, दोन्ही फरक ४५० दाखवतील. सर्वेक्षणात आईला बाळाची चण विचारलेली असते: फार लहान ते फार मोठं. हे उत्तर अंदाजात घेतल्यास चूक बरीच घटू शकते, पण संपेलच असं नाही. कोरे रकाने स्वतःचं कारण सांगत नाहीत.

म्हणून दुसऱ्या गटातल्या भरलेल्या वजनांत ५०, १००, २०० ग्रॅम मिळवून निष्कर्ष पुन्हा तपासावा. आपल्या उदाहरणात २०० मिळवले, की गटाची सरासरी २५०० होते आणि फरक पुन्हा ३०० वर येतो. प्रत्यक्षात किती मिळवायचे हे आकडे सांगणार नाहीत. ते गावातल्या आशाताई आणि परिचारिकांना विचारावं लागेल. कमी वजनाच्या बाळांचा अहवाल हाती आला, तर टक्केवारीआधी किती बाळं तोललीच नाहीत आणि का, ते वाचा.