लेकरू झोपेत दात खातं तेव्हा

नागपुरात एखादं लेकरू झोपेत करकर दात खायला लागलं की घरातलं निदान बहुतेकदा ठरलेलं असतं: पोटात जंत झाले. मग जंतांचं औषध दिलं जातं आणि महिनाभरानं करकर पुन्हा ऐकू येते. खरं तर २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत अंगणवाडीतच एक ते दोन वर्षांच्या बाळांना अल्बेंडाझोलची अर्धी गोळी आणि त्यापुढच्या मुलांना एक गोळी मिळते. ती घेतलेली मुलंही दात खातात. जंत आणि दात खाणं यांचं नातं संशोधनात पक्कं ठरलेलं नाही. अपवाद करायचाच, तर तो गुदद्वारापाशी रात्री खाज आणणाऱ्या बारीक पांढऱ्या, दोऱ्यासारख्या जंतांचा. त्या खाजेनं झोप मोडते. मूल रात्री ढुंगण खाजवत असेल किंवा तिथे असे धागे दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगावं.

दात खाण्याचं मूळ झोपेतच असतं. गाढ झोप हलकी होते, मेंदू क्षणभर जागा झाल्यासारखा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळले जातात. मुलाला यातलं काही कळत नाही. वरचे आणि खालचे दात समोरासमोर आले की, म्हणजे साधारण वर्षाच्या आसपास, ही सवय दिसू शकते. आई किंवा वडील लहानपणी दात खात असतील, तर मुलात ती दिसण्याची शक्यता जास्त. बहुतेक मुलांत ती मोठं होता होता आपोआप थांबते.

पण झोप वारंवार का मोडते, हे पाहायलाच हवं आणि तिथे माझा पहिला संशय श्वासावर असतो. नाकाच्या मागे असणारी अ‍ॅडिनॉइडची गाठ किंवा टॉन्सिल्स वाढले, सर्दी किंवा अ‍ॅलर्जीनं नाक सतत चोंदलेलं राहिलं, की मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडखळतो आणि मेंदू त्याला हलकं जागं करतो. अशा मुलांत दात खाणं जास्त आढळतं. वाढलेल्या गाठी काढल्यावर अनेकांचं दात खाणं कमी झाल्याचंही दिसलं आहे. अशा मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवं.

दातांचं काय, ते दिवसा उजेडात पाहावं. दुधाच्या दातांवरचं कवच जेमतेम एक मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून पातळ असतं. घासलेल्या दाताची कड सपाट, चकचकीत दिसते आणि वरचा सपाट भाग खालच्यावर चपखल बसतो. आंबट रसानं झिजलेल्या दाढेवर मात्र वाटीसारखे खळगे पडतात. संत्र्याच्या हंगामात बाटलीतून वारंवार रस पिणाऱ्या मुलाच्या दातांचं कवच आधीच मऊ झालेलं असतं. वरून घासणं सुरू राहिलं, की झीज दुप्पट वेगानं होते असं नाही, पण ती नक्कीच वाढते. रात्री बाटलीत रस किंवा गोड दूध देणं थांबवणं हा साधा उपाय आहे.

समजा, अडीच वर्षांची मुलगी आहे. रात्री दात खाते, घोरते, सकाळी तोंड कोरडं असतं. समोरच्या वरच्या दातांच्या कडा सपाट आहेत पण अजून पांढऱ्याच आहेत, दुखत काही नाही. इथे दातावर उपचार लागत नाही. नाक-घसा तपासायचा आणि तीन-चार महिन्यांनी दात पुन्हा पाहायचे. पण कडेवर पिवळा भाग उघडा पडला असेल, थंड पाणी पिताना ती रडत असेल, दाताचा तुकडा उडाला असेल, हिरडीवर पुटकुळी आली असेल किंवा सकाळी जबडा धरत असेल, तर थांबू नये. पिवळा भाग म्हणजे कवचाखालचा थर. त्याखाली नस आहे. फार झिजलेल्या दाढेवर दंतवैद्य स्टीलची टोपी बसवतात. मोठ्यांसारखं रात्रीचं प्लास्टिकचं गार्ड इतक्या लहान मुलाला देत नाहीत. जबडा वाढत असतो आणि गार्ड निसटून घशात अडकण्याचा धोका असतो.

नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. जाताना रात्री मूल झोपलेलं असताना मोबाइलवर घेतलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जावा. त्यात तोंड उघडं आहे का, छाती आत ओढली जाते का, घोरण्यात खंड पडतो का, हे दिसतं. तपासणीच्या खुर्चीवर जागं असलेलं मूल यातलं काहीच दाखवू शकत नाही.