खजुराचे पेय, काझी आणि ॲरिस्टॉटल

इ.स. 782 च्या सुमारास बगदादचा अब्बासी खलिफा अल-महदी याने एका ख्रिस्ती धर्मगुरूवर वेगळेच काम सोपवले. ॲरिस्टॉटलचा ‘टॉपिका’ हा ग्रंथ त्याला अरबीत हवा होता. हे धर्मगुरू म्हणजे पूर्वेकडील सिरियाक चर्चचे प्रमुख तिमोथी पहिले. त्यांनी मोसुलच्या सुभेदाराचा चिटणीस अबू नूह याला हाताशी धरले आणि सिरियाक भाषांतरावरून अरबी मसुदा तयार केला. तिमोथींची पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यातल्या एका पत्रात ते आपल्या सहकाऱ्याला सांगतात, की मार मत्ताई मठात या ग्रंथावरची एखादी टीका आहे का, याची हळूच चौकशी करा. पण ती कशासाठी हवी आहे, याचा पत्ता लागू देऊ नका. तो मठ प्रतिस्पर्धी पंथाचा होता.

खलिफाला याच ग्रंथाची निकड का भासली? ‘टॉपिका’ हा वादविवादाचा ग्रंथ आहे. प्रतिपक्षाला प्रश्न कसे विचारायचे, त्याच्याच उत्तरांतून त्याला विसंगतीत कसे पकडायचे आणि आपल्यावर तशी वेळ आली तर सुटायचे कसे, हे त्यात सांगितले आहे. अल-महदीच्या साम्राज्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मानीपंथी लोक मुरलेले वादपटू होते. त्यांच्यामागे शतकांची परंपरा होती, तर इस्लामची धर्ममीमांसा नुकतीच आकार घेत होती. खुद्द अल-महदीने याच तिमोथींशी ख्रिस्ती धर्माच्या तत्त्वांवर दोन दिवस वाद घातला होता, आणि त्याचा वृत्तांत तिमोथींनी लिहून ठेवला आहे.

पुढच्या दोन शतकांत ग्रीक वैद्यक, गणित, खगोलशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा मोठा भाग अरबीत आला. हुनैन इब्न इस्हाकसारखे भाषांतरकार एकाच ग्रंथाची अनेक हस्तलिखिते जमवत आणि ताडून पाहिल्यावरच लेखणी उचलत. वैद्य गॅलेनचा सिद्धतेविषयीचा एक ग्रंथ शोधत हुनैन इराक, सीरिया, पॅलेस्टाइन पालथे घालून अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो दमास्कसमध्ये, तोही जेमतेम अर्धा. एखादी गोष्ट ‘सिद्ध झाली’ असे नेमके कधी म्हणायचे, या प्रश्नावरच्या पुस्तकासाठी ही पायपीट होती. पुढे याच प्रश्नाने धर्मशास्त्री आणि काझी यांच्या बैठकी तापल्या.

काझी तोवर निर्णय कसे देत होते, हे एका जुन्या वादावरून चांगले समजते. कुराणात ‘खम्र’ निषिद्ध ठरवले आहे, आणि द्राक्षाची दारू खम्र आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले ‘नबीज’ नावाचे पेय घरोघरी प्यायले जाई, आणि ते काही काळ राहिले की त्याला नशा चढे. मग नबीजही निषिद्ध मानायचे का? कूफा शहरातल्या पंडितांचे, म्हणजे पुढे हनफी म्हणून ओळखल्या गेलेल्या परंपरेचे, म्हणणे असे, की खम्र म्हणजे आंबवलेला कच्चा द्राक्षरसच; इतर काही पेये नशा न येण्याइतपत प्यायला हरकत नाही. मदिनेच्या पंडितांना आणि इमाम शाफिई यांना हे मान्य नव्हते.

अशा वेळी वापरायची पद्धत म्हणजे कियास. शाफिई (मृत्यू 820) यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. तिचे चार भाग असतात: ज्याचा निर्णय आधीच माहीत आहे असे मूळ उदाहरण, ज्याचा निर्णय हवा आहे असे नवे उदाहरण, दोघांना जोडणारे कारण, म्हणजे इल्लत, आणि शेवटी निर्णय. द्राक्षाची दारू निषिद्ध आहे. ती नशा आणते म्हणून निषिद्ध आहे. नबीजही नशा आणते. तेव्हा तेही निषिद्ध.

या साखळीची कमकुवत कडी इल्लत ही आहे. द्राक्षाची दारू लाल असते, तिला फेस येतो, ती द्राक्षाची असते आणि ती नशा आणते. निषेधाचे कारण यांपैकी नशाच आहे, हे कशावरून? पंडित एकेक गुण तपासून बाजूला सारत आणि उरलेल्याला कारण मानत. पण ज्या गुणाचा विचारच झाला नाही, तो खरे कारण नसेल याची हमी कोण देणार?

धर्ममीमांसेत, म्हणजे ‘कलाम’मध्येही, विचार याच वाटेने चाले. तिथे त्याला दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचे अनुमान म्हणत. प्राणी आणि वनस्पती हे देह आहेत, आणि ते केव्हातरी निर्माण झालेले आपल्याला दिसतात. आकाश आणि तारे हेही देह आहेत. तेव्हा तेही निर्माण झालेले असणार, आणि त्यांना निर्माता असणार. विश्व अनादी आहे, असे ॲरिस्टॉटल सांगत होता. त्याचे ग्रंथ अरबीत आल्यामुळे या युक्तिवादावर मोठी भिस्त होती.

नेमक्या याच ठिकाणी तत्त्वज्ञ अल-फाराबी (मृत्यू 950) यांनी बोट ठेवले. तर्कशास्त्रावरच्या एका छोट्या ग्रंथात त्यांनी ॲरिस्टॉटलची उदाहरणे बाजूला ठेवून कलामवाद्यांची आणि धर्मशास्त्र्यांची उदाहरणे घेतली. ॲरिस्टॉटलच्या अनुमानाला एक सार्वत्रिक विधान लागते: ‘प्रत्येक अ हा ब आहे.’ आपल्याकडच्या न्यायदर्शनात ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती आधी पक्की व्हावी लागते, तसेच हे. एका देहावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. ‘प्रत्येक देह निर्माण झालेला आहे’ हे सिद्ध असेल, तर प्राणी-वनस्पतींचा दाखला द्यायची गरजच नाही. ते सिद्ध नसेल, तर कितीही दाखले दिले तरी आकाशाबद्दल काहीच ठरत नाही.

असा हिशेब मागणारे तर्कशास्त्र सगळ्यांना रुचणार नव्हते. इ.स. 932 मध्ये बगदादमध्ये वजीर इब्न अल-फुरात याच्यासमोर एक गाजलेला वाद झाला. एका बाजूला अबू बिश्र मत्ता हे ख्रिस्ती तर्कशास्त्री होते, ज्यांनी ॲरिस्टॉटलचा सिद्धतेविषयीचा ग्रंथ सिरियाकमधून अरबीत आणला होता. दुसऱ्या बाजूला होते व्याकरणकार आणि धर्मशास्त्री अबू सईद अस-सीराफी. मत्ता यांचा दावा होता, की खरे-खोटे ओळखायला तर्कशास्त्राची तराजू हवी. सीराफी यांनी विचारले, की ग्रीकाने आपल्या भाषेच्या चालीवर रचलेली तराजू तुर्काने, हिंदूने किंवा अरबाने का वापरावी? आणि मत्ता यांना स्वतःला तरी ग्रीक कुठे येत होते? भाषांतराच्या भाषांतरावर त्यांची सारी मदार.

मग सीराफी यांनी त्यांना अरबीतल्या ‘आणि’ या अर्थाच्या छोट्याशा अव्ययाचे उपयोग विचारले, आणि मत्ता अडले. पुढचा प्रश्न होता, की ‘झैद हा त्याच्या भावांमध्ये श्रेष्ठ’ हे वाक्य बरोबर की चूक? मत्ता यांनी बरोबर म्हटले. सीराफी म्हणाले, चूक. कारण झैद हा स्वतःच्या भावांपैकी एक नाही. ‘भावांमध्ये श्रेष्ठ’ असे म्हटले असते, तर चालले असते. सभा सीराफी यांनी जिंकली. अर्थात हा वृत्तांत आपल्याला अबू हय्यान अत-तौहीदी यांच्या लेखणीतून मिळतो, आणि ते सीराफी यांचे शिष्य होते.

तर्कशास्त्राला धर्मशास्त्राच्या घरात जागा मिळवून दिली ती अल-गझाली (1058–1111) यांनी. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारे गझाली शाफिई परंपरेचे धर्मशास्त्री होते. ‘तहाफुत अल-फलासिफा’ या ग्रंथात त्यांनी तत्त्वज्ञांची 20 मते तपासली. विश्व अनादी आहे, ईश्वराला फक्त सार्वत्रिक गोष्टींचे ज्ञान असते आणि मृत्यूनंतर देहाचे पुनरुत्थान होत नाही, या तीन मतांना त्यांनी थेट धर्मद्रोह ठरवले. हा नुसता तात्त्विक शेरा नव्हता, कारण कायद्यात धर्मद्रोहाला देहदंड होता. त्यांचा मुख्य आक्षेप मोठा चतुर आहे: सिद्धतेच्या ज्या अटी तत्त्वज्ञांनी आपल्याच तर्कशास्त्रात घातल्या, त्या ईश्वराविषयी बोलताना त्यांनीच पाळल्या नाहीत.

म्हणजे गझाली यांनी ग्रीकांचे निष्कर्ष नाकारले, पण त्यांची मोजपट्टी ठेवून घेतली. 1109 मध्ये पूर्ण झालेल्या ‘अल-मुस्तस्फा’ या धर्मशास्त्राच्या मूलतत्त्वांवरच्या ग्रंथाला त्यांनी तर्कशास्त्राची प्रस्तावना जोडली, आणि ज्याला हे येत नाही त्याच्या ज्ञानाचा भरवसा नाही, असेही बजावले. नबीजचा जुना वाद या चौकटीत असा बसतो: नशा आणणारे प्रत्येक पेय निषिद्ध आहे, नबीज नशा आणते, म्हणून नबीज निषिद्ध आहे.

वरवर पाहता निर्णय तोच राहिला. पण द्राक्षाची दारू युक्तिवादातून गायब झाली आणि सगळा भार पहिल्या वाक्यावर आला. ते वाक्य कुठून आणले, हे आता सांगावेच लागते. नशा आणणारे सारे निषिद्ध, अशा अर्थाची हदीस दाखवली, तर तिची परंपरा किती भक्कम आहे ते तपासता येते. नुसत्या इल्लतीच्या अंदाजावरून ते वाक्य उभे केले असेल, तर निष्कर्षही संभाव्यच राहतो. धर्मशास्त्र्यांना यात बिघडले असे वाटले नाही. आचाराच्या बाबतीत सबळ संभाव्यता पुरते, हे त्यांना मान्यच होते. मात्र एखादा निर्णय निश्चित आहे की संभाव्य, हे आता दाखवून देता येऊ लागले, आणि श्रद्धेच्या मूलतत्त्वांसाठी संभाव्यता पुरेशी नाही, हेही उघड झाले.

विरोध संपला नाही. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न अस-सलाह यांनी तर्कशास्त्राविरुद्ध फतवा दिला. गझालींच्या त्या प्रस्तावनेवर त्यांचा रोख असा, की अबू बक्र आणि उमर यांना तर्कशास्त्र येत नव्हते, मग त्यांच्याही ज्ञानाचा भरवसा नाही का? त्याआधीच कॉर्डोबाचे काझी इब्न रुश्द (1126–1198) यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास कायद्याने निषिद्ध, अनुज्ञेय की बंधनकारक, असा प्रश्न चक्क काझीच्या भाषेत मांडला होता. पात्र माणसाला तो बंधनकारक आहे, असा त्यांचा निवाडा. हे साधन परधर्मीयांचे आहे, या आक्षेपालाही त्यांनी कायद्यातूनच उत्तर दिले: कुर्बानीची सुरी कोणत्या धर्माच्या माणसाची होती, यावर कुर्बानी वैध की अवैध हे ठरत नाही.

सरशी अखेर गझालींच्या मार्गाची झाली, आणि तिच्या खुणा भारतातही सापडतात. औरंगजेबाच्या काळातले काझी मुहिबुल्लाह बिहारी (मृत्यू 1707) यांचे दोन ग्रंथ पुढे येथील मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. ‘सुल्लम अल-उलूम’ तर्कशास्त्रावरचा आहे, तर ‘मुसल्लम अस-सुबूत’ धर्मशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचा.