खोली की पाव? चुकीच्या मोडमध्ये टाइप झालेली कोरियन वाचताना

मागच्या भागात मी ओझरतं म्हटलं होतं की, कीबोर्ड इंग्रजीवर राहून गेला तरी टाइप केलेली कोरियन परत वाचता येते. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणजे नेमकं कसं? हा भाग त्यावरच आहे. बोलताना अक्षरं दाखवता येत नाहीत, त्यामुळे हे लेखी रूप सोबत ठेवलंत तर जास्त उपयोग होईल.

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या मैत्रिणीचं गोव्यात सहा खोल्यांचं होमस्टे आहे, खालीच एक छोटी बेकरी. तिच्या वेबसाइटवर लिहिलंय की कोरियनमध्ये विचारलं तरी चालेल, कारण ते भाषांतर मी करून देतो. एका संध्याकाळी तिने मला फॉर्ममधून आलेला हा संदेश पाठवला:

```
sodlf dkcladp qkd 4ro dltdjdy?
```

ती म्हणाली, "स्पॅम आहे का रे हा?" मी म्हटलं, नाही, ही कोरियन आहे. लिहिणारीने भाषा बदलायची कळ दाबली नव्हती, एवढंच. पाचेक मिनिटांत मी ते वाचलं आणि ऐटीत कळवलं: "उद्या सकाळी चार खोल्या आहेत का, असं विचारताहेत."

इथे माझं चुकलं. पण ते कुठे, हे कळायला आधी वाचायची रीत बघायला हवी.

आपल्याकडे इन्स्क्रिप्टवर 'मराठी' लिहायचं आणि मोड इंग्रजीच राहिला, तर पडद्यावर `cje"r` उमटतं. बोटं बरोबरच पडलेली असतात, फक्त संगणकाने त्यांचा अर्थ वेगळा लावलेला असतो. कोरियनचंही तसंच. तिथला नेहमीचा कीबोर्ड 'दुबॉलसिक', म्हणजे दोन संचांचा. व्यंजनं डावीकडे, स्वर उजवीकडे. (इन्स्क्रिप्टमध्ये नेमकं उलटं, स्वर डाव्या हाताला. मला सवय व्हायला महिना लागला.) त्याचा नकाशा असा:

```
q ㅂ w ㅈ e ㄷ r ㄱ t ㅅ | y ㅛ u ㅕ i ㅑ o ㅐ p ㅔ
a ㅁ s ㄴ d ㅇ f ㄹ g ㅎ | h ㅗ j ㅓ k ㅏ l ㅣ
z ㅋ x ㅌ c ㅊ v ㅍ      | b ㅠ n ㅜ m ㅡ
```

हा नकाशा समोर ठेवून एकेक अक्षर बदलत जायचं. पण कोरियन अक्षरं ओळीत सुटी राहत नाहीत, त्यांचे चौकोनी गठ्ठे होतात. एका गठ्ठ्यात एक व्यंजन, एक स्वर आणि असलंच तर शेवटी आणखी एखादं व्यंजन. मग मधलं व्यंजन आधीच्या गठ्ठ्याच्या शेपटीला लावायचं की पुढच्याच्या तोंडाशी? त्यासाठी फक्त पुढचं अक्षर बघायचं. पुढे स्वर असेल तर व्यंजन त्या स्वराकडे जातं, नाहीतर मागेच राहतं.

'नमस्कार'साठीचा शब्द घेऊ, `dkssudgktpdy`. सुरुवातीला d आणि k. मग s येतो, त्याच्यापुढे परत s, म्हणजे व्यंजनच. म्हणून पहिला s मागे चिकटतो आणि गठ्ठा होतो 안. दुसऱ्या s पुढे u हा स्वर, तेव्हा तो नव्या गठ्ठ्याची सुरुवात करतो. त्यानंतरच्या d पुढे g, म्हणून d मागे: 녕. g आणि k मिळून 하, कारण पुढच्या t ला p हा स्वर मिळतो. मग 세, शेवटी 요. झालं, 안녕하세요, आन्न्यॉंगहासेयो. संगणकही हेच करतो. त्यामुळे इंग्रजीत उमटलेल्या अक्षरांतून मूळ शब्द बहुतेक वेळा हुबेहूब मिळतो, अंदाज करावा लागत नाही.

'बहुतेक वेळा' म्हटलं, कारण एक कळ मधे येते: शिफ्ट. कोरियनमध्ये पाच व्यंजनांची जोरकस रूपं असतात, ㅃ ㅉ ㄸ ㄲ ㅆ, आणि ती Q W E R T या मोठ्या अक्षरांवर आहेत. O आणि P वर ㅒ, ㅖ हे दोन स्वर. म्हणजे या सात कळांपुरता लहान-मोठ्या अक्षराचा फरक हा शब्दाचाच फरक. `qkd` म्हणजे 방, खोली. `Qkd` म्हणजे 빵, पाव. (गंमत म्हणजे आपला 'पाव' आणि कोरियन 빵 दोन्ही पोर्तुगीजमधूनच आले, कोरियनमध्ये जपानीमार्गे.)

आता तो संदेश पुन्हा बघा. सगळी अक्षरं लहान. मी नकाशाप्रमाणे वाचत गेलो: 내일 म्हणजे उद्या, 아침에 म्हणजे सकाळी, 방, 4개 म्हणजे चार नग, आणि शेवटी 잇어요. इथे मी थबकायला हवं होतं. 'आहे का' हे 있어요 असं लिहितात, खाली जोड ㅆ, टाइप करताना `dlTdjdy`. मला दिसत होतं 잇어요, आणि मी मनातल्या मनात ते दुरुस्त करून पुढे गेलो.

खरं तर तो 잇 सांगत होता की वाटेत कुठेतरी शिफ्ट हरवली आहे. आणि एका ठिकाणी हरवली असेल तर बाकीच्या ठिकाणांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? गप्पांमध्ये काही कोरियन मंडळी आळसाने ㅆ ऐवजी ㅅ लिहितात, हे खरंय. पण अनोळखी होमस्टेला लिहिताना माणूस जरा नीट लिहितो. 있다 हे क्रियापद आणि भूतकाळाचा ㅆ कोरियनमध्ये पदोपदी येतात, म्हणून शिफ्ट शाबूत आहे का हे तपासायला ही सगळ्यात सोयीची जागा.

शिफ्टवर विश्वास नाही म्हटलं की संदेशातली सहा अक्षरं दोन-दोन प्रकारे वाचता येतात: दोन o, आणि p, q, r, t एकेक. एकूण 64 वाचनं. घाबरू नका, जवळजवळ सगळी निरर्थक निघतात. `sodlf` मधला o बदलला तर शब्दच उरत नाही. `ro` चं 깨 होतं, म्हणजे तीळ, पण आकड्यानंतर तिथे 'नग' हाच अर्थ बसतो. गाळत गेलं की दोनच वाक्यं हातात राहतात: चार खोल्या, किंवा चार पाव. त्यातून निवड करायला कीबोर्ड मदत करत नाही, वाक्याकडे बघावं लागतं. खोली विचारणारा माणूस तारीख सांगेल, किती रात्री ते सांगेल. 'उद्या सकाळी चार' हे पावाचं बोलणं आहे.

मैत्रिणीने चार खोल्या अडवून ठेवल्या आणि कोल्हापूरच्या एका कुटुंबाला नाही म्हणून सांगितलं. सकाळी आठला शेजारच्या हॉटेलात उतरलेल्या दोन कोरियन मुली आल्या, चार पाव घेतले, पैसे दिले, हसून गेल्या. त्या रात्रीच्या भाड्यातलं अर्धं मी भरलं. ती नको म्हणत होती, पण फार जोरात नाही.

शिफ्ट हरवली कशी, हे नंतर सापडलं. ईमेल पत्ता लहान अक्षरांत यावा म्हणून साइट बनवणाऱ्याने एक ओळ घातली होती, आणि ती फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीला लागली होती. याचा उलटा प्रकार फोनवर होतो. वाक्याचं पहिलं अक्षर फोन आपणहून मोठं करतो, आणि ते या सातांपैकी असेल तर नसलेला जोर शब्दात शिरतो. म्हणून पहिल्या अक्षराच्या शिफ्टवर मी आता विश्वास ठेवत नाही.

ती ओळ काढल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा एक संदेश आला:

```
dlqjs wnakfdp qkd dlTdjdy?
```

T मोठा, q लहान आणि वाक्याच्या मधोमध. 이번 주말에, म्हणजे या शनिवार-रविवारी. मी तिला कळवलं, "खोलीच हवी आहे."