बढतीचे अभिनंदन आणि पुढचा संबंध

व्यवसायातील ओळखीच्या माणसाला बढती मिळाली की अभिनंदनाचा ईमेल दोन कामे करतो. एक म्हणजे आनंद पोहोचवणे. दुसरे काम सहसा लक्षात येत नाही. बढतीबरोबर त्या माणसाचे टेबल बदलते, रोजचे फोन दुसऱ्याकडे जातात आणि कालपर्यंत कामामुळे आपोआप टिकलेला संबंध उद्यापासून निमित्ताशिवाय उरतो. चांगला अभिनंदनपर ईमेल या वळणावर पुढच्या संपर्काचे एक खरे निमित्त ठेवून जातो, आणि तेही समोरच्याकडे काहीही न मागता.

अशा संबंधांचे मोल समाजशास्त्रात मोजले गेले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा सैल संबंधांच्या ताकदीवरचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना त्यांनी विचारले होते, की ज्याच्याकडून माहिती कळली त्याची भेट तेव्हा कितपत होत असे. वारंवार भेट होत असल्याचे सांगणारे सुमारे १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के, तर क्वचित भेटणारे सुमारे २८ टक्के. २०११ मध्ये डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी थंडावलेल्या संबंधांचा अभ्यास मांडला. वर्षानुवर्षे बोलणे नसलेल्या जुन्या ओळखींकडून मिळालेला सल्ला नवा असतो आणि जुना विश्वासही शाबूत असतो, असे त्यात आढळले. बढती मिळालेला माणूस नेमका या गटात जाण्याच्या बेतात असतो. रोजच्या संपर्कातून तो अधूनमधूनच्या संपर्कात सरकतो.

हे एका उदाहरणावरून पाहता येईल. भोसरी एमआयडीसीतील एक छोटे मशीन शॉप चाकणच्या एका कंपनीला गाडीच्या सुट्या भागांसाठी बुश पुरवते. तिथल्या पर्चेस ऑफिसर बाई जुलैमध्ये पर्चेस मॅनेजर झाल्या. बुशच्या ऑर्डरी, डिस्पॅचचे वेळापत्रक, रिजेक्शन हे सगळे आता त्यांच्या जागी आलेला नवा ऑफिसर पाहणार आहे. शॉपच्या मालकाने मॅडमना ईमेल लिहायचा आहे.

पहिली पायरी खातरजमेची. बढतीची कुणकुण अनेकदा आदेश निघण्याआधी बाहेर येते. कंपनीत जाहीर होण्यापूर्वीच पुरवठादाराचे अभिनंदन पोहोचले, तर बातमी कोणी फोडली हा प्रश्न उभा राहतो आणि ज्यांचे कौतुक करायचे त्यांचीच अडचण होते. ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणजे बढती नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. लिंक्डइनवर दिसलेला बदल काही वेळा जुना असतो, उशिरा नोंदवलेला असतो. मेलखालचे नवे पदनाम, कंपनीकडून आलेले पत्र किंवा त्या विभागातल्या माणसाने उघडपणे सांगितलेली बातमी यांवर विसंबता येते. पदनाम अचूक लिहिणे महत्त्वाचे, कारण मॅनेजर आणि सीनियर मॅनेजर यांतला फरक मिळवणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. बातमी पक्की झाल्यावर दोन-चार दिवसांत लिहिलेले बरे. महिना उलटला असेल तरी लिहावे, फक्त उशिराची लांबलचक कारणे देऊ नयेत.

दुसरी पायरी म्हणजे ईमेल नव्याने उघडणे. घाईत जुन्याच मेलला उत्तर म्हणून अभिनंदन धाडले जाते आणि वर विषय राहतो ‘रिजेक्शन नोट’ किंवा ‘पेमेंट बाकी’. प्रत कोणालाही जोडायची नाही. वरिष्ठांना प्रत गेली की कौतुक दाखवण्यासाठी केल्यासारखे वाटते. भाषा नेहमीचीच ठेवावी. एरवी इंग्रजीत व्यवहार असेल तर इंग्रजी, मराठीत बोलणे होत असेल तर मराठी. संबोधनही रोजचेच असावे. कालपर्यंत ‘मॅडम’ असलेल्या बाई आज ‘परम आदरणीय’ झाल्या, तर आदर पदाला चालला आहे हे लगेच कळते.

आता मजकूर. शॉपच्या मालकाने लिहिलेला ईमेल असा आहे:

विषय: पर्चेस मॅनेजर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

नमस्कार मॅडम,

आपण पर्चेस मॅनेजर झाल्याचे काल आपल्या क्वालिटी विभागाकडून समजले. मनापासून अभिनंदन!

गेल्या वर्षी आमचा बुशचा लॉट अडकला होता, तेव्हा आपण नुसती रिजेक्शन नोट पाठवून थांबला नाहीत. दोन्हीकडची गेज एका टेबलावर आणायला लावलीत आणि फरक बुशमध्ये नसून आमच्या झिजलेल्या गेजमध्ये आहे, हे दुपारपर्यंत स्पष्ट झाले. तेव्हापासून आम्ही दर तीन महिन्यांनी गेज तपासून घेतो. ही शिस्त आमच्या शॉपला आपल्यामुळे लागली.

गंज रोखणाऱ्या पिशव्यांतल्या पॅकिंगबद्दल आपण मार्चमध्ये विचारले होते. या पावसाळ्यात त्याची चाचणी सुरू केली आहे. पावसाळा संपला की काय आढळले ते कळवतो.

सुरुवातीचे दिवस धावपळीचे असतील, त्यामुळे उत्तराची घाई नाही. नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा.

या मजकुराचा कणा दुसरा परिच्छेद आहे. ‘आपल्या मेहनतीचे चीज झाले’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. गेजची गोष्ट मात्र या एकाच माणसाला, या एकाच माणसाकडून जाऊ शकते. तिच्यात प्रसंग आहे, मॅडमनी केलेली कृती आहे आणि त्या कृतीचा आजवर टिकलेला परिणाम आहे. या तीन गोष्टी असल्या की विशेषणांची गरज राहत नाही. प्रसंग निवडताना एक पथ्य पाळावे लागते. ईमेल पुढे कोणालाही पाठवला जाऊ शकतो. म्हणून त्यात सहकाऱ्याची चूक, आधीच्या साहेबांशी तुलना किंवा ‘अखेर न्याय मिळाला’ अशी टिप्पणी नको. वरच्या प्रसंगात दोष शॉपच्या गेजकडे आहे, त्यामुळे कोणाला खाली पाहावे लागत नाही.

संबंध पुढे चालू ठेवण्याचे काम तिसरा परिच्छेद करतो. ‘संपर्कात राहू’ म्हणून कोणी संपर्कात राहत नाही, कारण पुढचे पाऊल कोणी आणि कधी टाकायचे हे त्यात ठरत नाही. इथे विषय ठरला आहे, वेळ ठरली आहे आणि पाऊल लिहिणाऱ्याने स्वतःकडे घेतले आहे. विषय मॅडमनीच काढलेला होता, म्हणजे त्याचा त्यांना उपयोग आहे. पावसाळ्यात गंजलेले सुटे भाग हे कोणत्याही पर्चेस विभागाचे खरे दुखणे असते. चहाला भेटण्याचे आमंत्रण किंवा ‘एकदा शॉपला भेट द्या’ ही विनंती वरवर साधी वाटते, पण ती नव्या पदावर गोंधळात असलेल्या माणसाचा वेळ मागते. कळवण्याचे वचन काही मागत नाही.

असा ईमेल बहुधा मागणीमुळे बिघडतो. ‘आता आमच्याकडे लक्ष असू द्या’ हे वाक्य बोलीत सहज जाते, पण खरेदीचा अधिकार हाती आलेल्या माणसाच्या मेलमध्ये ते लेखी पुरावा होऊन बसते. त्यांना ते वाचून सावध व्हावे लागते. नवे दरपत्रक, कंपनीची माहितीपुस्तिका, थकलेल्या बिलाची आठवण यांतले काहीही सोबत जोडले की अभिनंदन हे निमित्त आणि जोडपत्र हे खरे काम ठरते. बिल तातडीचे असेल तर त्याचा मेल वेगळ्या विषयाने, शक्यतो नव्या ऑफिसरला जावा. मिठाईचा डबा किंवा भेटवस्तूही टाळावी. अनेक मोठ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत पुरवठादारांकडून भेटी घेण्यावर बंधने असतात, आणि सरकारी खात्यात तर प्रश्न कायद्यापर्यंत जाऊ शकतो.

लिहून झाल्यावर तो बिघडला आहे का हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. नाव आणि पदनाम बदलून तोच मजकूर दुसऱ्या कोणाला पाठवता येतो का, हे पाहावे. येत असेल तर प्रसंग पुरेसा नेमका नाही. मग शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. त्यानंतर वाचणाऱ्याला काही करावे लागणार असेल, तर कुठेतरी मागणी शिरली आहे.

उत्तर आले नाही तर आठवण करू नये. बढतीनंतर अभिनंदनांचा ढीग येतो आणि पुष्कळांना उत्तर देणे राहून जाते. नुसते ‘धन्यवाद’ आले तर तिथे थांबावे, त्यावर पुन्हा धन्यवाद लिहू नये. त्यांनी पॅकिंगबद्दल काही विचारले तर मात्र त्याच दिवशी थोडक्यात सांगावे.

खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये असते. पावसाळा संपला, आता कळवायचे वचन पाळायचे. दुसरा ईमेल पहिल्याहून लहान असावा. किती पेट्या साध्या पिशवीत ठेवल्या, किती गंज रोखणाऱ्या पिशवीत, किती दिवसांनी उघडल्या, काय दिसले आणि दर पेटीमागे खर्च किती वाढला, एवढे पुरे. निष्कर्ष शॉपच्या फायद्याचा नसला तरी तसाच लिहावा. ‘आपल्या बुशसाठी हा खर्च परवडणारा नाही’ असे सांगणाऱ्या पुरवठादाराचा पुढचा मेल उघडला जातो. वचन पाळायचे राहून गेले, तर अभिनंदनाचा पहिला ईमेलही मागाहून पोकळ ठरतो. म्हणून लिहितानाच ऑक्टोबरची नोंद डायरीत किंवा फोनवर करून ठेवणे हा त्या ईमेलचाच भाग आहे.

जुन्या टेबलावर आलेल्या नव्या ऑफिसरशी संबंध वेगळा जोडावा लागतो. त्याला चालू ऑर्डरींची यादी, प्रलंबित बाबी आणि फोन क्रमांक असा कामाचा छोटा मेल जावा. रोजच्या अडचणी त्याला ओलांडून मॅडमकडे नेल्या, तर तो दुखावतो आणि मॅडमनाही ते आवडत नाही, कारण आपली जुनी कामे त्यांच्याकडेच परत येऊ लागतात.

या ईमेलने ऑर्डर मिळत नाही. माल वेळेवर पोहोचत नसेल, लॉट वारंवार परत येत असतील, तर चार ओळींचे कौतुक काही सावरत नाही. काम चोख असेल तर मात्र वरच्या टेबलावर ते आठवणीत ठेवणारे एक माणूस राहते, आणि त्यासाठी एक नेमका प्रसंग, एक पाळता येईल असे वचन आणि ते ठरल्या महिन्यात पाळणे एवढेच लागते.