होतकरू अभियंता, वय चव्वेचाळीस

गेल्या वर्षी एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत माझ्या मित्राचा परिचय वाचला गेला: ‘तरुण, होतकरू स्ट्रक्चरल इंजिनिअर. सध्या पीएच.डी. करत आहेत.’ मित्राचे केस निम्मे पांढरे, पीएच.डी. तर केव्हाच सुटलेली. मजकूर त्यानेच दहा वर्षांपूर्वी लिहिलेला होता.

घरी येऊन तो जुना परिचय दुरुस्त करायला बसला. मी थांबवलं. जुन्यात नवं घालत गेलं की परिचय फक्त लांबतो, आणि सुरुवात बारावीच्या गुणांपासूनच राहते. आधी कोऱ्या कागदावर आजचं काम लिहायचं. त्याचं काम तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं. समोर बसतात सोसायटीचे सभासद. याच्या सांगण्यावरून लाखो रुपये खर्चून खांब दुरुस्त करायचे का, एवढंच त्यांना ठरवायचं असतं.

मग एकेक जुनी ओळ वाचली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक गेला. मंडळ आता ती यादीच लावत नाही. गेटचा स्कोअरही गेला, तो तीनच वर्षं ग्राह्य असतो. ‘ऑटोकॅडमध्ये प्रावीण्य’ आता कुणी मुद्दाम सांगत नाही. ‘आयएस १८९३ : २००२ नुसार भूकंपरोधक डिझाइन’ ही ओळ तर धोक्याची होती. त्या मानकाची सुधारित आवृत्ती २०१६ साली आली. जाणकाराला वाटलं असतं, हा गृहस्थ तिथेच थांबला.

महाविद्यालयातलं नाटकाचं पारितोषिक काढताना तो फार हळहळला. ते त्याच्या घरच्या भिंतीवर शोभतं, परिचयात नाही.

पण जुनं म्हणून सगळंच काढू नये. त्याचा एम.ई.चा प्रबंध काँक्रीटमधल्या गंजलेल्या सळ्यांवर होता. मला तो ठेवावासा वाटला, कारण आज तो सोसायट्यांमध्ये हाच गंज शोधत फिरतो. वीस वर्षांपूर्वीची ही एक ओळ आजच्या कामाचं मूळ सांगते. पदवीही राहिली. फक्त ‘पुणे विद्यापीठ’ तसंच ठेवलं, कारण प्रमाणपत्रावर तेच नाव आहे. सावित्रीबाई फुले यांचं नाव विद्यापीठाला २०१४ मध्ये मिळालं.

‘गेली आठ वर्षे’ ऐवजी ‘२००७ पासून’ लिहिलं, म्हणजे ते वाक्य शिळं होणार नाही. ही काटछाट परिचयापुरतीच. नोकरीच्या वा परवान्याच्या अर्जात विचारलेली माहिती पूर्ण भरावी लागते.

जुनी प्रत मात्र अजून कितीतरी आयोजकांकडे पडून होती. म्हणून आता तो प्रत्येक निमंत्रणाला होकार कळवतानाच नवा मजकूर पाठवतो, वर महिना आणि साल घालून. तो साठ-सत्तर शब्दांचा आहे. परवाच्या सभेत निवेदकाने तो पाऊण मिनिटात संपवला.