गुरुवारी पाणी नाही, म्हणजे नेमकं कधी?

पुणेकरांना गुरुवारच्या पाणीबंदीचं प्रकटन जवळपास तोंडपाठ असतं. जलकेंद्रातल्या विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीमुळे अमुक भागाचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, नागरिकांनी नोंद घेऊन सहकार्य करावं. पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे ही जलकेंद्रांची नावं तेवढी बदलतात. यात चुकीचं काहीच नाही. तरीही घरोघरी बादल्या कमी पडतात, कारण हे प्रकटन जलकेंद्राच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याचं घड्याळ त्याच्या नळाला बांधलेलं असतं.

एक हिशेब करून पाहू. चोवीस सदनिकांची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे ९६ जण. शहरी पुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर रोज जवळपास १३ हजार लिटर पाणी लागतं. खालची टाकी २० हजारांची, गच्चीवरची १० हजारांची. पाणी रोज सकाळी ६ ते ८ या वेळात येतं.

गुरुवारी बंद म्हटल्यावर शेवटचं पाणी बुधवारी सकाळी ८ वाजता गेलं. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने जे येईल, ते जमिनीखालच्या टाकीत चढेलच असं नाही. भरवशाचं पाणी शनिवारी सकाळी. ‘एक दिवस बंद’ याचा अर्थ या सोसायटीपुरता जवळपास तीन दिवस! दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या असल्या तरी माणशी दिवसाला शंभर लिटरच्या आसपासच निघतात. एवढ्यात भागतं, पण धुणं आणि गाड्या धुणं पुढे ढकलावं लागतं. सूचना बुधवारी दुपारी मोबाइलवर आली, तर टाक्या भरून घेण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ती मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोचली पाहिजे.

शुक्रवारच्या ‘उशिरा व कमी दाबाने’ या शब्दांमागे बरीच खटपट असते. पंप सुरू झाले की आधी रिकाम्या झालेल्या मोठ्या जलवाहिन्या भराव्या लागतात आणि त्यात अडकलेली हवा झडपांतून बाहेर काढावी लागते. मग परिसरातल्या उंच टाक्या भरतात आणि त्यानंतर चावीवाला एकेका गल्लीची चावी सोडतो. चढावरच्या आणि वाहिनीच्या शेवटाच्या घरांचा नंबर साहजिकच शेवटी लागतो. सूचनेत अशा भागांची नावं वेगळी दिली, तर तिथल्या माणसांना शुक्रवारी पहाटे उठून नळाकडे बघत बसावं लागणार नाही.

पाणी आलं की ते गढूळ का असतं? वाहिनीच्या तळाशी बसलेला गाळ पाण्याच्या अचानक आलेल्या वेगाने उठतो. दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. वाहिनी रिकामी असताना आतला दाब नाहीसा होतो आणि एखाद्या गळक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत शिरू शकतं. नळाला थेट मोटार लावून ओढणाऱ्यांमुळे हा धोका वाढतो. गाळ डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. म्हणून पाणी स्वच्छ दिसलं तरी गाळून, चांगली उकळी येऊ देऊन प्यायचं.

हे सगळं धरून एखाद्या महापालिकेला असं लिहिता येईल:

‘पंपाचा मुख्य झडपभाग बदलायचा असल्याने गुरुवारी सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत पाणी येणार नाही. बुधवारी सकाळचा पुरवठा नेहमीप्रमाणे होईल. तेव्हाच साठा करून ठेवावा. शुक्रवारी सकाळी दाब कमी राहील, टेकडीलगतच्या वस्तीत पाणी दुपारनंतर पोचेल. शनिवारी पुरवठा पूर्ववत होईल. पहिलं पाणी पिण्यासाठी वापरू नये. पुढचे दोन-तीन दिवस पाणी गाळून, उकळून प्यावं. नळाला थेट मोटार लावू नये. टँकरसाठी व तक्रारीसाठी पुढील क्रमांकावर संपर्क साधावा. काम लांबल्यास गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता पुन्हा कळवू. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

याखाली गल्ल्यांची यादी हवी, आणि तीही लोकांच्या तोंडी असलेल्या नावांनी. प्रभाग क्रमांक निवडणुकीपुरता लक्षात राहतो. ‘शाळेमागची गल्ली’ कोणालाही कळते. यादीच्या शेवटी ‘इत्यादी परिसर’ मात्र नको. या दोन शब्दांनी अर्धं शहर संशयात पडतं आणि ज्यांचं पाणी जाणारच नव्हतं तेही पिंपं भरून ठेवतात. अशाने बुधवारी सकाळी सगळीकडे एकदम उपसा वाढतो आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांना त्याच दिवशी, बंदीच्या आधीच, करंगळीएवढी धार मिळते.