मिठावर चालणारी मोटर

उरणच्या खाडीत कोळंबी मरून पडली, की तिच्यातली अमिनो आम्लं पाण्यात पसरतात. खाऱ्या पाण्यातला 'व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस' हा जिवाणू त्या दिशेनं पोहतो. पोहताना तो एकच शेपटी वापरतो आणि तिची मोटर मिठातल्या सोडियमवर चालते! सेकंदाला हजाराहून जास्त फेरे घेऊ शकते ती.

दिशा कशी कळते? आत्ताची चव तो क्षणापूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. खाद्य वाढत असेल तर पुढे जात राहतो. घटलं किंवा विषारी काही वाढलं, की मोटर उलटी फिरवून मागे सरकतो. मला सगळ्यात भारी वाटतं ते यापुढचं: पुन्हा पुढे निघताना शेपटीच्या बुडाचा लवचीक आकडा लचकतो आणि अंग साधारण ९० अंशांनी वळतं. नवी दिशा चुकली, तर लवकरच पुन्हा वळण.